कापड वितळतं की कोळसा होतं? धागा जाळून ओळखण्याची रीत आणि त्यामागचं कारण

मेणबत्तीच्या ज्योतीजवळ पॉलिएस्टरचा धागा बाजूने हळूहळू नेला, तर तो ज्योतीला टेकायच्या आधीच मागे सरकतो. टोक आखडतं, जाड होतं, काचेसारखं चमकतं आणि त्याची एक गोल गोळी तयार होते. तीच कृती सुती धाग्याबरोबर केली तर धागा जागचा हलत नाही. तो तसाच उभा राहतो, टोक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि पटकन पेट घेतं. ज्योत विझल्यावरही टोकाशी लाल निखारा काही क्षण धुमसत राहतो. एकाची गोळी होते, दुसऱ्याची राख. दोन्ही धागे एकाच जाडीचे, एकाच रंगाचे असले तरी हा फरक लपत नाही, म्हणूनच कापड ओळखायची ही रीत इतकी भरवशाची आहे.

हा फरक कशामुळे पडतो ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढची चाचणी पाठ करावी लागत नाही. समोर जे दिसतं त्याचा अर्थ आपोआप लागतो.

दोन तापमानांची शर्यत

कापडाचा कुठलाही तंतू म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांची मोळी. या मोळीत दोन प्रकारची बंधनं असतात. एक बंधन साखळीच्या आत, कडी आणि कडी यांना जोडणारं. ते फार पक्कं असतं. दुसरं बंधन शेजारच्या दोन साखळ्यांमधलं. ते त्या मानाने सैल असतं. उष्णता दिली की साखळ्या थरथरायला लागतात. शेजाऱ्यांमधली बंधनं आधी सुटली, तर साखळ्या अखंड राहून एकमेकींवरून घसरू लागतात. यालाच आपण वितळणं म्हणतो. पण शेजाऱ्यांची पकड सुटायच्या आधीच साखळी स्वतः तुटायला लागली, तर वितळायची वेळच येत नाही. पदार्थ जागच्या जागी मोडतो, त्यातून पाणी आणि वायू निघून जातात आणि मागे कार्बन उरतो. हाच कोळसा.

म्हणजे प्रश्न एवढाच आहे: वितळण्याचं तापमान आधी गाठलं जातं की विघटनाचं?

पॉलिएस्टर साधारण २५५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या साखळ्या झपाट्याने तुटायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. मधल्या टप्प्यात ते घट्ट, चिकट द्रव म्हणून सुखाने राहू शकतं. नायलॉनच्या दोन मुख्य जातींपैकी नायलॉन ६ साधारण २२० ला आणि नायलॉन ६६ साधारण २६० ला वितळतं. पॉलिप्रॉपिलीन तर १६५ च्या आसपासच वितळतं. या सगळ्यांत वितळणं आधी घडतं.

कापसात उलट आहे. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजेच ग्लुकोजच्या हजारो कड्यांची सरळ साखळी. प्रत्येक कडीवर हायड्रॉक्सिलचे तीन गट असतात, आणि हे गट शेजारच्या साखळीवरच्या गटांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. असा एक बंध फार बलवान नसतो. पण एका साखळीवर तो हजारो ठिकाणी असतो आणि सगळे एकाच वेळी सुटले तरच साखळी घसरू शकते. इतकी उष्णता द्यायला जावं, तर साधारण ३०० अंशांच्या पुढे साखळीच तुटायला लागते. शर्यत वितळणं हरतं. शिवाय त्याच हायड्रॉक्सिल गटांमधून पाण्याचे रेणू बाहेर पडतात आणि मागे कार्बनचा सांगाडा राहतो, म्हणून सुती कापड करपतं तेव्हा धाग्याचा आकार तसाच टिकतो. जळालेल्या सुती कापडाचा तुकडा न हलवता पाहिला तर त्यात विणसुद्धा ओळखू येते.

‘कृत्रिम’ आणि ‘नैसर्गिक’ ही खरी सीमा नाही

कृत्रिम ते वितळतं आणि नैसर्गिक ते जळतं, हा नियम सोयीचा आहे, पण तीन तंतू तो मोडतात. चाचणीत बऱ्याच चुका याच तिघांमुळे होतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

पहिला व्हिस्कोज रेयॉन. तो कारखान्यात बनतो, पण लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज विरघळवून, बारीक छिद्रांतून रसायनाच्या टाकीत सोडून पुन्हा घट्ट केलेलं असतं. रेणू कापसाचाच, त्यामुळे जळण्याची रीतही कापसाचीच: वितळत नाही, गोळी होत नाही, जळक्या कागदाचा वास, मऊ राख. चाचणीत व्हिस्कोज आणि कापूस वेगळे ओळखणं जवळजवळ अशक्य आहे. मोडाल आणि लायोसेल हेही याच घरातले.

दुसरा अ‍ॅसिटेट. हा सगळ्यांत शिकवणारा तंतू आहे. साखळी तीच, कापसातली सेल्युलोजची. पण कारखान्यात तिच्यावरचे बहुतेक हायड्रॉक्सिल गट अ‍ॅसिटिल गटांनी झाकलेले असतात. झाकले गेले की हायड्रोजन बंध धरायला हात उरत नाहीत, शेजाऱ्यांची पकड सैल पडते, आणि तीच साखळी आता साधारण २३० अंशांच्या आसपास वितळायला लागते. कापूस का वितळत नाही याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण. मूळ झाडाचं असूनही अ‍ॅसिटेट ज्योतीजवळ पॉलिएस्टरसारखी गोळी करतं.

तिसरा अ‍ॅरामिड, म्हणजे अग्निशमन दलाच्या पोशाखांत वापरला जाणारा तंतू. तो पूर्ण कृत्रिम आहे, पण त्याच्या साखळ्यांत ताठ बेंझिनची कडी आणि मजबूत हायड्रोजन बंध दोन्ही आहेत, म्हणून तोही वितळण्याआधीच मोडतो आणि कोळसा होतो.

लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे. तंतू कारखान्यात कसा जन्माला आला ते पाहा. पॉलिएस्टर, नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे दाणे वितळवून तो द्रव बारीक छिद्रांतून ओढला जातो. पॉलिएस्टरसाठी हे काम साधारण २८० ते २९० अंशांना चालतं. जो धागा वितळवून बनला, तो पुन्हा वितळणारच. व्हिस्कोज विरघळवून बनवावं लागतं, कारण सेल्युलोज वितळतच नाही. ही खूण अ‍ॅसिटेटला मात्र लागू पडत नाही. ते द्रावणातून काढतात, तरी वितळतं.

लोकर आणि रेशीम यांची गोष्ट निराळी, कारण ती प्रथिनं आहेत. लोकरीच्या केराटिनच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे त्या घसरून द्रव होण्याचा प्रश्नच येत नाही. तापवली की लोकर फुगते, बुडबुड्यांचा काळा स्पंजासारखा कोळसा तयार होतो आणि तोच थर आतल्या तंतूकडे जाणारी उष्णता अडवतो. म्हणून लोकर ज्योतीत जळते, पण बाहेर काढली की बहुधा आपोआप विझते. जळक्या केसांचा वास हा केसांशी तिचं रेणूंचं नातं असल्यामुळेच येतो. रेशमाचा वासही तसाच, थोडा सौम्य.

चाचणीची तयारी

साहित्य फार लागत नाही: रुंद बुडाच्या ताटलीत पक्की बसवलेली मेणबत्ती, किमान १५ सेंटिमीटर लांबीचा धातूचा चिमटा, पाणी भरलेला वाडगा, राख पाहायला पांढरी चिनी मातीची बशी आणि शक्य असेल तर एक भिंग. प्लास्टिकची मूठ असलेला चिमटा नको. लायटरपेक्षा मेणबत्ती बरी, कारण एक हात मोकळा राहतो आणि ज्योत स्थिर असते. खिडकी उघडी ठेवा, पंखा बंद ठेवा, केस बांधा, बाह्या वर करा. ढगळ कृत्रिम कापडाचे कपडे घालून ही चाचणी करू नये.

नमुना काढताना घाई करू नका, कारण इथेही बऱ्याच चुका होतात. कपड्याच्या शिवणीच्या आत जी माया सोडलेली असते, तिथून साधारण ५ ते ६ सेंटिमीटरचा तुकडा कापा. शिवणीचा दोरा वापरू नका. सुती कपड्यांतही तो बऱ्याचदा पॉलिएस्टरचा असतो, आणि तोच जाळला तर सुती सदरा ‘पॉलिएस्टर’ ठरतो. तुकड्यातून ताणा आणि बाणा यांचे धागे सुईने वेगळे करा आणि दोन ढिगाऱ्यांत ठेवा. ताण्यात एक तंतू आणि बाण्यात दुसरा, असं कापड काही दुर्मिळ नाही. प्रत्येक ढिगाऱ्यातले दहा-पंधरा धागे एकत्र पिळून काडेपेटीतल्या काडीइतकी जाड वात करा. एकच बारीक धागा इतका झटकन जळतो की काही बघायला मिळत नाही. आणि हाताएवढा तुकडा पेटवला तर तो आटोक्यात राहत नाही.

चाचणी: चार क्षण

वातीचं एक टोक चिमट्यात धरा. बशी ज्योतीच्या शेजारी, चिमट्याच्या खाली ठेवा, म्हणजे वितळलेला थेंब पडला तर बशीत पडेल. मग पुढचे चार क्षण वेगवेगळे पाहायचे आहेत.

पहिला क्षण ज्योतीच्या अलीकडचा. वात बाजूने, ज्योतीपासून साधारण २ सेंटिमीटर अंतरापर्यंत आणा आणि तीन-चार सेकंद थांबा. आखडली, मागे वळली तर ती वितळणाऱ्या घराण्यातली. पॉलिएस्टरचा धागा कारखान्यात लांब ओढून साखळ्या सरळ केलेला असतो. उष्णतेने त्यांना पुन्हा वेटोळं होण्याची मुभा मिळते, म्हणून वितळण्याच्या कितीतरी आधी तो आखडतो. कापूस, लिनन, व्हिस्कोज इथे निश्चल राहतात. लोकर थोडी कुरळी होते.

दुसरा क्षण ज्योतीतला. टोक दोन-तीन सेकंद आत धरा. कापूस लगेच, पिवळ्या ज्योतीने, फारसा काळा धूर न करता पेटतो. पॉलिएस्टर वितळत वितळत जळतं आणि काळा, काजळीचा धूर सोडतं. त्याच्या साखळीतल्या बेंझिनच्या कड्या पूर्ण जळत नाहीत, त्यांची काजळी होते. नायलॉनला काजळी बरीच कमी. अ‍ॅक्रिलिक तडतडत, वेगाने जळतं.

तिसरा क्षण बाहेर काढल्यानंतरचा. कापूस जळत राहतो, आणि फुंकर मारून ज्योत विझवली तरी टोकाला निखारा धुमसतो. हा निखारा म्हणजे उरलेला कोळसा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतोय. पॉलिएस्टरमध्ये असा निखारा दिसत नाही. हा क्षण बहुतेक जण पाहत नाहीत, खरं तर वितळणारं आणि सेल्युलोजचं कापड वेगळं करायची ही फार पक्की खूण आहे. अजून एक गोष्ट इथे करून पाहण्यासारखी आहे: विझलेल्या पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉनच्या वितळलेल्या टोकाला दुसऱ्या चिमट्याचं टोक चटकन टेकवून ओढा. केसाहून बारीक धागा ओढला जातो. कारखान्यात जे घडलं तेच एवढ्याशा थेंबात पुन्हा घडलेलं दिसतं.

चौथा क्षण थंड झाल्यावरचा. वात बशीत ठेवा, पूर्ण एक मिनिट थांबा, मगच चिमट्याने दाबून पाहा. गोळी दिसायला विझलेली असली तरी आत बराच वेळ गरम असते आणि बोटाला चिकटते. कापसाची राख हलकी, करडी, बोटांत चुरडली तर पीठ होणारी. लोकरीची काळी, पण दाबली की चुरा होणारी. पॉलिएस्टरची गोळी टणक, गोल, चिमट्यानेही न फुटणारी. अ‍ॅक्रिलिकची गोळी काळी, वेडीवाकडी आणि ठिसूळ. पॉलिप्रॉपिलीनची फिकट, मेणासारखी, आणि वासही विझलेल्या मेणबत्तीचा.

वास घ्यायचा तर नाक वातीवर नेऊ नका. हाताने हवा आपल्याकडे वळवा, एकदाच. लोकर, रेशीम, नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक यांत नायट्रोजन असतो आणि त्यांच्या धुरात हायड्रोजन सायनाइड थोड्या प्रमाणात असू शकतो. छोटी वात आणि उघडी खिडकी ही काळजी त्याचसाठी. प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, कृत्रिम चामडं किंवा पावसाळी कोटाचं कापड मात्र अजिबात जाळू नका. त्यात क्लोरिन असलेलं प्लास्टिक असेल तर धुरातून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड निघतं आणि डोळे-घसा पोळतात.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा, बिल्ल्याविना एक सदऱ्याचं कापड हातात आलं आहे. हाताला सुती वाटतं, विकणारा ‘कॉटन’ म्हणतो, पण चुरगळून सोडलं की सुरकुत्या लवकर जातात. शंका इथूनच सुरू होते.

ताण्याची वात ज्योतीजवळ नेली तर थोडीशी आखडते, पण पॉलिएस्टरसारखी मागे पळत नाही. ज्योतीत लगेच पेटते, पिवळी ज्योत, वर काजळीची बारीक रेघ. बाहेर काढली तर जळत राहते, आणि महत्त्वाचं म्हणजे थेंब पडत नाही. वास जळक्या कागदाचा, मागे काहीतरी गोडसर. ‘थेंब नाही, कागदाचा वास, म्हणजे सुती’ असा निर्णय इथे देऊन टाकणं हीच नेहमीची चूक. थांबा आणि राख थंड होऊ द्या. काळी राख चिमट्याने दाबली तर वरचा भाग चुरडतो, पण आत चिमट्याला काहीतरी खडबडीत, कडक लागतं. भिंगातून पाहिलं की राखेत वाळूच्या कणांएवढे काळे चमकदार मणी अडकलेले दिसतात. बाण्याची वातही तशीच वागते. म्हणजे ताणा आणि बाणा दोन्हींत कापूस आणि पॉलिएस्टर एकाच धाग्यात मिसळलेले आहेत.

थेंब का पडला नाही? कारण कापसाने सांगाडा दिला. कापसाचा कोळसा उभा राहिला आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्यात वातीत तेल मुरावं तसं मुरलं. निव्वळ पॉलिएस्टर वितळून ज्योतीपासून आखडून दूर जातं किंवा थेंबांबरोबर आग खाली पाडतं. मिश्रणात त्याला पळायला जागाच नाही, ते तिथेच जळतं. म्हणून असं कापड कधी कधी दोन्ही घटकांपेक्षा वाईट जळतं. ज्वाला रोखण्याचं काम करणाऱ्यांना हे मिश्रण फार डोकेदुखीचं वाटतं: कापसावर चालणारं रसायन पॉलिएस्टरला पुरत नाही, पॉलिएस्टरवर चालणारं कापसाला.

चाचणीची मर्यादाही इथेच कळते. मिश्रण आहे एवढं ती सांगते. किती आहे ते नाही. प्रमाण हवंच असेल तर प्रयोगशाळेत वजन करून कापडाचा नमुना ७५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ठेवतात. कापूस त्यात विरघळतो, पॉलिएस्टर उरतं. कोरड्या १.०० ग्रॅम नमुन्यातून धुऊन-वाळवून ०.६५ ग्रॅम उरलं, तर कापड साधारण ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के कापूस. हे काम घरी करायचं नाही. ते अ‍ॅसिड कातडी जाळतं.

जिथे चाचणी फसवते

ज्वालारोधक प्रक्रिया केलेला कापूस पेटता पेटत नाही, उलट नेहमीपेक्षा जास्त काळा कोळसा करतो. त्यातली फॉस्फरसची संयुगं सेल्युलोजमधून पाणी लवकर काढतात, त्यामुळे ज्वलनशील वायूंऐवजी कोळसा जास्त उरतो. लोकर समजून फसायचं नसेल तर वासावर जा: केसांचा वास नसेल तर लोकर नाही. ताणलं जाणारं जीनचं कापड बाण्यात इलॅस्टेनचे दोन-तीन टक्के ठेवतं आणि ते एवढं कमी असतं की राखेत सापडतही नाही. ते धागा ताणून पाहिल्यावरच कळतं. अ‍ॅसिटेट आणि पॉलिएस्टर यांच्यात गोंधळ झाला तर मेणबत्ती विझवून, दूर ठेवून, नखांचा रंग काढायच्या अ‍ॅसिटोनचा एक थेंब न जाळलेल्या धाग्यावर टाका. अ‍ॅसिटेट चिकट होऊन विरघळतं, पॉलिएस्टर तसंच राहतं. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, म्हणून ज्योत आणि ते एका वेळी टेबलावर असता कामा नये.

इस्त्रीवर हेच ज्ञान कसं वापरायचं

कपड्याच्या बिल्ल्यावर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे तळव्याचं तापमान जास्तीत जास्त ११० ते १२० अंश, दोन म्हणजे १५० ते १६०, तीन म्हणजे २०० ते २१०. अ‍ॅक्रिलिक, अ‍ॅसिटेट आणि नायलॉनला एक ठिपका, पॉलिएस्टर आणि लोकरीला दोन, कापूस आणि लिननला तीन, ही ढोबळ वाटणी. बिल्ला काही वेगळं सांगत असेल तर बिल्ला खरा.

इथे एक रास्त शंका येते. पॉलिएस्टर २५५ ला वितळतं, तर २०० च्या इस्त्रीने ते का बिघडावं? कारण वितळायच्या खूप आधी ते मऊ पडतं. पॉलिएस्टरचा काचेसारखा ताठपणा ७० ते ८० अंशांनाच जातो. त्यापुढे साखळ्यांचे अस्ताव्यस्त भाग हलायला मोकळे होतात आणि तापमान वाढेल तसे तंतू अधिकाधिक नरम होतात. त्यावर इस्त्रीचं वजन पडलं की गोल तंतू चपटे होतात, चपटे तंतू आरशासारखा प्रकाश परतवतात, आणि काळ्या विजारीच्या मांडीवर, खिशाच्या कडांवर ती चकाकी उमटते. ती मळ नसते, म्हणून धुऊन जात नाही. तंतूचा आकारच बदललेला असतो. उपाय आधीच करायचा: कपडा उलटा करा, वर ओलसर सुती कापड घाला आणि इस्त्री घासू नका, उचलून उचलून ठेवा. याच गुणाचा दुसरा उपयोग म्हणजे पॉलिएस्टरला घातलेली चुण्यांची घडी धुतल्यावरही टिकते. गरम असताना दाबली, दाबलेल्या अवस्थेत थंड केली, की साखळ्या तिथेच थिजतात.

सुती कापड याउलट चकाकत नाही, पिवळं पडतं. तो पिवळा डाग म्हणजे कोळसा होण्याची पहिली पायरी. फिकट असेल तर धुण्यात काही अंशी जातो. तपकिरी झाला असेल तर तिथले तंतू कमजोर झाले आहेत, आणि ते कापड पुढे तिथेच फाटेल.

इस्त्रीच्या तळव्याला कृत्रिम कापड चिकटलंच, तर थंड करून खरवडू नका. थिजलेला थर दगडासारखा बसतो आणि तळव्यावर ओरखडे पडतात. इस्त्री सगळ्यात कमी तापमानावर लावा, थर मऊ होईपर्यंतच थांबा, आधी प्लग काढा आणि मग लाकडी चपट्या काडीने तो ढकलून काढा. उरलेला पातळ थर जाड, घडी केलेल्या सुती कापडावर इस्त्री फिरवून त्यावर उतरवा. तापमान वाढवून ‘जाळून टाकायचा’ मोह टाळा. थर करपून काळा पडतो आणि मग तो पुढच्या पांढऱ्या कपड्यावर उतरतो.

अंगावरचं कापड

आगीजवळ काम करताना कुठलं कापड घालावं याचं उत्तर सरळ ‘सुती’ असं नाही. सुती कापड सहज पेटतं आणि जळत राहतं, ढगळ आणि पातळ असेल तर झपाट्याने. पॉलिएस्टर आणि नायलॉन त्याहून किंचित उशिरा पेटतात, पण वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. तो सहजासहजी झटकता येत नाही, आणि थिजताना आपली उष्णता तिथेच सोडतो, म्हणून भाजण्याची जागा लहान पण खोल असते. कातडीला लागून घालायच्या कपड्यांत कृत्रिम तंतू नको, हे वेल्डिंग करणाऱ्यांना आणि भट्टीवर काम करणाऱ्यांना सांगितलं जातं ते याचमुळे. तिथे जाड, घट्ट विणीचं सुती किंवा लोकर, आणि धोका मोठा असेल तर प्रक्रिया केलेलं किंवा अ‍ॅरामिडचं कापड योग्य.

वितळलेलं कापड कातडीला चिकटलं तर ते ओढून काढू नका. त्याच्याबरोबर कातडीही निघते. आजूबाजूचं न चिकटलेलं कापड कात्रीने कापून दूर करा, चिकटलेल्या भागासकट त्या जागेवर २० मिनिटं वाहतं थंड पाणी सोडा, बर्फ लावू नका, आणि चिकटलेला तुकडा तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्या.